सारांशात ‘तळपदेंनी विमान उडवलं’ लिहायचं की ‘उडवल्याचं लेखक सांगतो’?

पत्रकवाला: वाचनालयाच्या पत्रकासाठी एका जुन्या दिवाळी अंकातल्या लेखाचा १५० शब्दांत सारांश करतोय. लेखक ठाम लिहितो की शिवकर बापूजी तळपदेंनी १८९५ साली मुंबईत चौपाटीवर माणसाशिवाय विमान उडवलं, ते १५०० फूट वर गेलं, केसरीत बातमी आली. मी जसंच्या तसं उतरवलं. आता कमिटीतले काका म्हणतात सगळीकडे ‘असं लेखक म्हणतो’ घाल. सारांश म्हणजे लेखात आहे तेच ना? मी कशाला मध्ये पडू?

गिरगावकर_७२: काका बरोबर नाहीत. राइट बंधूंनी केलं की लगेच इतिहास, आपल्या माणसाने केलं की ‘असं म्हणतात’?

शाईचेहात: अहो, विमान उडालं का हा प्रश्नच नाहीये इथे, वाक्य कोणाच्या तोंडी आहे एवढंच विचारलंय. मी १९ वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. ‘तळपदेंनी विमान उडवलं’ असं पत्रकात छापलं की ते वाचनालय सांगतंय, लेखक त्यातून गायब. उलट ‘उडवल्याचं लेखक सांगतो’ यात शंका कुठे आहे? फक्त कोण सांगतंय ते आहे, म्हणजे लेखाशी जास्त प्रामाणिक तेच. आणि दर वाक्याला शेपूट लावायची गरज नसते. पहिल्या वाक्यात लेखकाला उभं करा, पुढची दोनतीन वाक्यं त्याच्याच नावावर वाचली जातात. मध्ये तुमचं स्वतःचं पक्कं वाक्य आलं किंवा परिच्छेद बदलला की मात्र परत त्याचं नाव घ्यायचं, नाहीतर कोणतं कोणाचं ते कळत नाही. केसरीच्या अंकाची तारीख दिलीय का लेखात?

पत्रकवाला: नाही. नुसतं ‘केसरीने दखल घेतली’. मी ‘केसरीनुसार’ असं केलंय.

शाईचेहात: खरा घोळ तिथेच आहे! ‘केसरीनुसार’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं तुम्ही तो अंक काढून पाहिलात. तुम्ही पाहिलाय दिवाळी अंक. मी असं लिहीन:

‘तळपदेंनी १८९५ मध्ये चौपाटीवर विनामाणूस विमान उडवलं आणि ते १५०० फुटांपर्यंत गेलं, असं लेखक सांगतो. केसरीने त्याची दखल घेतल्याचंही तो लिहितो, पण अंकाची तारीख देत नाही. राइट बंधूंचं उड्डाण १९०३ चं, म्हणजे त्याच्या हिशेबाने तळपदे आठ वर्षं आधी.’

राइट बंधूंच्या वाक्याला ‘लेखकाच्या मते’ लावलं नाही बघा. ते लावलं असतं तर पक्की गोष्टही डळमळीत दिसली असती.

चहाबिस्किट: एवढं कशाला, तळाशी टाका ‘लेखातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’. काम संपलं.

शाईचेहात: ती ओळ मतांसाठी ठीक आहे, विमान वर गेलं हे मत नाही, घटना आहे. शिवाय लोक मधल्याच परिच्छेदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात, तळाची ओळ तिथेच राहते.

मिनिट्सवाली: आमच्या सोसायटीत हेच झालं हो. मीटिंगमध्ये एक मेंबर तावातावाने म्हणाले लिफ्टच्या कामात ५० हजार जास्त गेले आणि मी मिनिट्समध्ये लिहून मोकळी, ‘लिफ्टच्या कामात ५० हजार जास्त देण्यात आले’. खाली सही माझी! बिलं कोणीच पाहिली नव्हती. पुढच्या मीटिंगला सेक्रेटरी तोच कागद नाचवत मला विचारतायत की पुरावा काय, आणि ते मेंबर गप्प बसून चहा पितायत. मग ‘श्री. अमुक यांनी दावा केला’ लिहायला हवं होतं का?

शाईचेहात: ‘दावा’ जरा संशयी वाजतो, लेखी द्यायचं तर ‘जास्त गेल्याचे त्यांनी सांगितले’, आणि खाली ‘बिले सभेपुढे नव्हती’. ‘उघड केलं’, ‘निदर्शनास आणून दिलं’ ही क्रियापदं उलटी पडतात, त्यात ते खरं आहे हे तुम्ही कबूल करून बसता. आणि ‘असं समजतं’ तर नकोच, कोणाकडून समजलं तेच त्यात लपतं.

गिरगावकर_७२: मग ‘उडवलं म्हणे’ लिहा की, दोनच शब्द.

शाईचेहात: लिहा, पण ‘म्हणे’त लेखकाला वेडावल्यासारखं होतं.

जुनाट: मला ‘लेखक सांगतो’ पण अर्धवट वाटतं. तळपदेंच्या विमानाशी ज्या वैमानिक शास्त्राचा संबंध लावतात त्या ग्रंथावर बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच लेख लिहिला, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत म्हणून. हे ठाऊक असताना गप्प राहून नुसतं ‘तो म्हणतो’ लिहायचं म्हणजे अंग काढून घेणं झालं.

शाईचेहात: ते लेखात नाही, मग सारांशात घुसडायचं कसं? फार तर वेगळी संपादकीय टीप. आणि तो अभ्यास ग्रंथातल्या विमानांचा आहे, चौपाटीवर काय झालं त्याचा नाही.

जुनाट: टीप कोण वाचतं, तुम्हीच वर म्हणालात.

पत्रकवाला: ‘केसरीनुसार’ काढलं. टीपेचं काकांना विचारतो, ते बहुधा अजून एक परिच्छेद मागतील.