मदत हवी आहे: आडगावची लांबची ऑर्डर सोडली, इन्सेंटिव्ह गेला. माझं नेमकं कुठे चुकलं?

पेठरोड

नमस्कार. मी नाशिकमध्ये जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो, आठ महिने झाले. त्याआधी अंबडला एका कंपनीत कंत्राटावर होतो. ॲपचं नाव लिहीत नाही.

गेल्या शनिवारची गोष्ट. रात्रीचे ८.५२ वाजले होते, मी कॅनडा कॉर्नरला उभा होतो. १३ ऑर्डरी झाल्या होत्या. रात्री ११ पर्यंत १६ केल्या की वरचे २२५ रुपये मिळतात, अट एकच की दिवसभरात दोनपेक्षा जास्त ऑर्डरी सोडायच्या नाहीत. दुपारी मी एक सोडली होती, म्हणजे अजून एक हातात होती.

तेवढ्यात ऑर्डर वाजली. पिकअप जेहान सर्कलच्या पुढे, २.२ किलोमीटर. ड्रॉप आडगाव, १०.३ किलोमीटर. मिळणार ७८ रुपये. विचार करायला तीस सेकंद. मला वाटलं, तिकडे गेलो तर परत येईपर्यंत गर्दीची वेळ निघून जाईल, इथेच थांबलो तर जवळच्या चार सहज होतील. सोडली.

त्यानंतर २७ मिनिटं फोन वाजलाच नाही. कॉलेज रोडला हॉटेलांबाहेर रांगा होत्या आणि मी गाडीवर बसून होतो. ११ पर्यंत दोनच ऑर्डरी झाल्या. एकूण १५. २२५ गेले. घरी आल्यावर बायकोला काय सांगू कळेना, कारण त्या पैशांवर मुलीच्या दप्तराचा हिशोब धरला होता.

माझा प्रश्न: अशी लांबची ऑर्डर घ्यायची की सोडायची, हे तीस सेकंदांत ठरवायचं कसं? आणि एक सोडली की ॲप मुद्दाम ऑर्डरी बंद करतं का?

सातपूरकर

शंभर टक्के बंद करतं. मी दोन वर्षं बघतोय. एक सोडली की अर्धा तास शिक्षा. म्हणून मी सोडतच नाही. घ्यायची, दहा मिनिटं थांबायचं, मग सपोर्टला कळवायचं की गाडी पंक्चर झाली. ते ऑर्डर काढून दुसऱ्याला देतात आणि आपल्या खात्यात सोडलेली म्हणून धरत नाहीत. करून बघ.

म्हसरूळकर

मी रायडर नाही, ग्राहक आहे. आमच्याकडे रात्री जेवण मागवलं की 'रायडर शोधत आहोत' हे वीस वीस मिनिटं दिसतं. आज कारण कळलं. पैसे आम्ही पूर्ण भरतो, अंतराचे वेगळे भरतो. मग आमची ऑर्डर सोडायची कशासाठी? वाईट वाटलं वाचून.

पेठरोड

म्हसरूळकर काका, तुमचं वाईट वाटणं मला समजतं. पण तुम्ही अंतराचे किती भरता ते आम्हाला दिसत नाही, आणि आम्हाला किती मिळतात ते तुम्हाला दिसत नाही. मला फक्त ७८ दिसले.

गोदाघाट

दादा, मी सहा वर्षं हेच काम करतोय, आधी पुण्यात, आता इथे. आधी त्या ७८ रुपयांचं बघू.

अंतर ड्रॉपपर्यंत मोजू नकोस. तू उभा आहेस तिथून निघून, पुन्हा जिथे ऑर्डर पडते तिथे येईपर्यंत मोज. २.२ आणि १०.३ झाले साडेबारा. आडगावात रात्री पावणेदहाला परतीची ऑर्डर क्वचित पडते, म्हणजे कॅनडा कॉर्नरपर्यंत साधारण साडेनऊ किलोमीटर रिकामं यायचं. झाले २२. माझी १२५ सीसीची गाडी शहरात ४५ चं ॲव्हरेज देते. पेट्रोल १०४ धरलं तर किलोमीटरला २ रुपये ३० पैसे. टायर, ऑइल, चेन, ब्रेक यांची वर्षभराची बिलं मी वहीत लिहिली आहेत, त्याचे किलोमीटरला ९५ पैसे पडतात. म्हणजे सव्वातीन रुपये. २२ किलोमीटरचे झाले साडेएकाहत्तर. ७८ मधून हातात राहिले सहा-साडेसहा रुपये, आणि वेळ गेला सव्वा तास.

जवळची ३६ रुपयांची ऑर्डर सगळं धरून पाच किलोमीटरची असते. खर्च सोळा, हातात वीस, वेळ अर्धा तास. म्हणून नुसती ऑर्डर म्हणून बघितली तर तू सोडलीस ते बरोबरच केलंस.

पण मला एक शंका आहे. तू म्हणतोस एकच सोडली होती. ॲपमध्ये त्या दिवसाचा तपशील उघड आणि सोडलेल्या ऑर्डरींपुढे कोणत्या वेळा आहेत ते इथे लिही. मग पुढचं बोलू.

सातपूरकर भाऊ, पंक्चरचं तुम्ही सांगता ते अर्धं खरं आहे. सोडलेल्यांत ती धरत नाहीत. घेऊन परत केलेल्या ऑर्डरींचा आकडा वेगळा असतो आणि तो जास्त जड असतो, कारण तोवर हॉटेलने जेवण करायला घेतलेलं असतं. मी महिन्यात तिसऱ्यांदा तसं केलं आणि माझा आयडी दोन दिवस बंद झाला. दिवाळीच्या आधीचे दोन दिवस होते ते. नव्या माणसाला हा रस्ता दाखवू नका.

वैतरणा

मी स्कूटरवर करते, इंदिरानगर ते पाथर्डी फाटा भाग. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. रात्री साडेनऊनंतर सामसूम भागातला ड्रॉप आला तर मी सोडते, मग पैसे कितीही असोत. सोडताना कारण विचारतात, त्यात मी सुरक्षिततेचं निवडते. पण कारण कुठलंही निवडलं तरी आकडा एकाने वाढतोच. महिन्यातून दोन-तीन शनिवार माझा इन्सेंटिव्ह असाच जातो. पुरुष रायडरांना हे सांगितलं की म्हणतात, मग दिवसा कर. दिवसा मुलं सांभाळते मी. यावर कोणाला काही मार्ग माहीत असेल तर सांगा.

पेठरोड

गोदाघाट दादा, आत्ता तपशील काढला. तीन दिसतायत. दुपारी १.४०, ती मी सोडलेली. रात्री ८.५२, ती आडगावची. आणि मधे ४.१७ ची एक आहे, तिच्यापुढे 'प्रतिसाद नाही' असं लिहिलंय. ही मी सोडलेलीच नाही! ४.१७ ला मी गोविंदनगरला सातव्या मजल्यावरून उतरत होतो. फोन खिशात होता, वाजला नाही.

गोदाघाट

हीच शंका होती. तीस सेकंद संपले की ती सोडलेल्यातच जमा होते, तू बोट लाव किंवा नको लावू. लिफ्टमध्ये रेंज गेली असेल, किंवा फोनच्या बॅटरी सेव्हरने ॲप झोपवलं असेल. ओळखायची खूण सांगतो. फोन उघडल्या उघडल्या ऑर्डर एकदम वाजायला लागली आणि तोवर पंधरा-वीस सेकंद संपलेले असले, तर ते बॅटरी सेव्हरचं काम. सेटिंगमध्ये या ॲपपुरतं ते बंद कर. लिफ्टचं असेल तर त्याला सेटिंग नाही. मी उंच इमारतीत जाताना, ॲप त्या वेळी परवानगी देत असेल तर, पुढची ऑर्डर नको असं करून ठेवतो.

आता तुझा हिशोब पुन्हा मांड. ८.५२ ला तुझ्या हातात एकही सोडण्याची मुभा उरली नव्हती. बोट लावलंस त्या क्षणी २२५ गेले. नंतर चार ऑर्डरी झाल्या असत्या तरी ते मिळणार नव्हते.

घेतली असतीस तर? नऊला हॉटेलात, बारा मिनिटं थांबणं, पावणेदहाच्या आत आडगाव, दहा-सव्वादहाला परत. चौदा झाल्या. उरलेल्या पन्नास मिनिटांत दोन बसवायच्या. ओढाताण आहे, पण शनिवारी अशक्य नाही. दुसरी अकरानंतर पोचून इन्सेंटिव्ह हुकला तरी आडगावचे सहा आणि दोन जवळच्यांचे चाळीस, असे शेहेचाळीस. सोडून तुझ्या अंदाजाप्रमाणे चार झाल्या असत्या तर ऐंशी. फरक चौतीस रुपयांचा. म्हणजे पाचात एकदा जरी सोळाचा आकडा जुळत असेल तरी घेणं फायद्याचं होतं, कारण २२५ चा पाचवा हिस्सा पंचेचाळीस होतो.

तुला जे माहीत होतं त्यावर तुझा निर्णय ठीकच होता. माहिती चुकीची होती. म्हणून मी आता संध्याकाळी सातला, गर्दी सुरू व्हायच्या आधी, सोडलेल्यांचा आकडा उघडून बघतो. मुभा शिल्लक असेल तर आडगाव, देवळाली कॅम्प असं काही आलं की सोडतो. शिल्लक नसेल आणि टार्गेट आवाक्यात असेल तर येईल ते घेतो. टार्गेट गेलंच असेल तर त्या दिवशी फक्त हातात किती उरतं ते बघतो. तेव्हाही उठसूट सोडत नाही, कारण आठवड्याचा टक्का पडला की पुढच्या आठवड्याचे स्लॉट आपल्याला उशिरा उघडतात आणि रात्रीचे चांगले संपलेले असतात.

एक मात्र ऐक. घेतलीच तर द्वारका ओलांडून हायवेला लागल्यावर वेळ भरून काढायला जाऊ नकोस. रात्री तिथे अवजड गाड्या असतात.

सातपूरकर

आयडी बंद झाल्याचं मला माहीत नव्हतं. पंक्चरचं मागे घेतो. पण सोडल्यावर ऑर्डरी थांबतात यावर मी ठाम आहे.

गोदाघाट

भाऊ, मी तीन महिने वेळा लिहून ठेवल्या होत्या. सोडल्यावर कधी दोन मिनिटांत पडली, कधी चाळीस मिनिटं नाही. न सोडताही शनिवारी रात्री नऊच्या सुमारास वीस-पंचवीस मिनिटांचं मोकळं पडायचंच, कारण तेव्हा कॉलेज रोडला हॉटेलापेक्षा रायडरच जास्त उभे असतात. माझ्या वहीवरून शिक्षा असते असंही म्हणता येत नाही, नसते असंही नाही. तुम्हीही लिहून बघा.

रानवारा

कायद्याने ॲपवाल्यांना सांगावंच लागतं ना काम कसं वाटतात ते? आणि न विचारता आयडी बंद करता येत नाही, १४ दिवसांची नोटीस लागते असं वाचलं होतं.

गोदाघाट

ते कर्नाटकात. तिथे २०२५ मध्ये तसा कायदा झाला. नाशिकला तो लागू नाही. वैतरणाताई, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे खरंच उत्तर नाही. ड्रॉपचा भाग निवडायची सोय आमच्या ॲपमध्ये नाही.

म्हसरूळकर

सहा रुपये हा आकडा वाचून गप्प झालो. माझं आधीचं बोलणं मनावर घेऊ नका. ताईंसाठी सुचतं ते सांगतो: ग्राहकाला फोन करून कोपऱ्यावरच्या दुकानापाशी बोलवलं तर? आमच्या सोसायटीतले तरी नक्की येतील.

वैतरणा

काका, फोन ऑर्डर घेतल्यावरच करता येतो. कोण येईल आणि कोण नाही ते आधी कळत नाही. पण तुमच्या बाजूची आली तर विचारीन.

पेठरोड

४.१७ च्या ऑर्डरीबद्दल सपोर्टला स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं की सिस्टिमनुसार नोंद बरोबर आहे. 'प्रतिसाद नाही' वाली नोंद कोणाची मागे घेतली गेली आहे का?

गोदाघाट

माझी एकदा घेतली होती. त्या वेळी मी दुसऱ्या ऑर्डरीसाठी ग्राहकाशी फोनवर बोलत होतो आणि कॉलची वेळ त्यांच्याकडेच नोंदलेली होती. लिफ्टचा पुरावा कसा द्यायचा कळत नाही. ४.१७ च्या आधीची डिलिव्हरी किती वाजता पूर्ण केलीस ते बघ. ४.१६ असेल तर तेवढं लिहून पुन्हा पाठव.

पेठरोड

४.१६ च आहे. पाठवतो आत्ता.