मोठ्या फाइलवर जनरेटिव्ह फिल मऊ पडतंय: तुकडे पाडून काम करायची नेमकी पद्धत हवी आहे

गेरू
फाइल 7952 × 5304 पिक्सेलची, 16 बिट, फोटोशॉपमध्ये. विषय जुनी दगडी भिंत. तिच्यासमोर बांबूंची परांची आहे, ती काढायची आहे. परांची असलेला भाग साधारण 2800 × 1900 पिक्सेलचा. सगळा भाग एकदम निवडून जनरेटिव्ह फिल केलं तर दगड आकाराने, रंगाने छान जुळतात, पण 100 टक्क्यांवर पाहिलं की तेवढाच चौकोन धुक्यातून बघावा तसा दिसतो. उलट छोटे छोटे तुकडे निवडून केलं तर दगडाचा पोत येतो, पण प्रत्येक तुकड्यात दगडांचे थर वेगळ्याच उंचीवर आणि रंगही थोडा वेगळा. प्रिंट मोठी आहे, जवळून बघितली जाणार. कुणी ही दोन्ही टोकं जुळवली आहेत का?

नीळ
रिझोल्यूशन 300 वरून 72 करा, मग फिल करा, मग परत 300. त्यामुळे फिलला कमी काम पडतं.

चौकट
@नीळ, `Image Size` मध्ये `Resample` बंद ठेवून 300 चं 72 केलं तर पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त छपाईचा आकार बदलतो. फिलला त्याने काहीच फरक पडत नाही. आणि `Resample` चालू ठेवून केलंत तर पिक्सेल खरोखर कमी होतात आणि परत 300 करताना मूळ फोटोचाही बारकावा जातो. मात्र तुमच्या सूचनेतला एक भाग कामाचा आहे: आधी लहान आकारात रचना ठरवून घेणं. त्याकडे येतो.

गेरू, फोटोशॉपमध्ये हे साधन आलं तेव्हाच्या मॉडेलचा निकाल फार तर 1024 × 1024 पिक्सेलचा असायचा. निवड त्याहून मोठी असली की तोच निकाल ताणून बसवला जातो. तुमचे 2800 पिक्सेल म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट ताण, म्हणून धुकं. पुढच्या मॉडेलांमध्ये मर्यादा बदलत गेली आहे, त्यामुळे तुमच्याकडची स्वतः तपासा. फाइलच्या प्रतीवर त्याच भिंतीत एकदा 900 चा आणि एकदा 2000 चा चौकोन भरा आणि दोन्ही 100 टक्क्यांवर शेजारच्या मूळ दगडाशी ताडून बघा. मोठा चौकोन मऊ आणि लहान खणखणीत असेल, तर मर्यादा त्या दोघांच्या मध्ये आहे.

तुमच्या दोन्ही प्रयोगांत निम्मं निम्मं बरोबर आहे. मोठ्या फिलला दगडांची रचना कळते, लहान फिलला पोत जमतो. म्हणून मोठं फिल टाकून देऊ नका. तोच पाया ठेवायचा आणि त्याच्यावर तुकडे करायचे.

पाया असा करा. पूर्ण भाग निवडून फिल करा आणि तीन पर्यायांपैकी निवडताना पोताकडे मुळीच पाहू नका. थर सरळ जातात का, उजेड एकाच बाजूने आहे का आणि कडेला अर्धे कापलेले दगड पुढे नीट पूर्ण होतात का, एवढंच बघा. मग तो लेयर रास्टराइझ करून त्याला `Base` नाव द्या.

आता तुकडे. सरसकट 1000 चा चौकोन घेण्यापेक्षा भागाला बेतून घ्या. आडवे 4, उभे 3, शेजारच्या तुकड्यांत 200 पिक्सेलची सरमिसळ:

```
(2800 + 3×200) / 4 = 850
(1900 + 2×200) / 3 ≈ 767
```

म्हणजे 850 × 767 चे 12 तुकडे. मार्की टूलची `Style` `Fixed Size` करून हे आकडे भरा, गाइड लावून घ्या.

तुमचे थर वरखाली होत होते, कारण रिकाम्या निवडीत मॉडेल सगळं नव्याने रचतं. त्याला पायाचं चित्र अंशतः दिसू द्यायचं. तुकडा निवडा, `Q` दाबून क्विक मास्कमध्ये जा, निवडलेला पांढरा भाग राखाडी करा (ब्राइटनेस 35 ते 40 टक्के), परत `Q`. निम्म्याहून कमी निवड आहे, कडा दिसणार नाही अशी सूचना येईल, तिची काळजी नको. प्रॉम्प्ट रिकामा ठेवून जनरेट करा. राखाडी गडद तितका पाया जास्त टिकतो. 20 टक्क्यांच्या आसपास पोतच येईनासा होतो आणि 60 च्या वर दगड पुन्हा जागा सोडू लागतात. भिंतीसाठी पहिल्या दोन तुकड्यांवर हे ठरवा आणि मग सगळीकडे तोच आकडा ठेवा. निकाल अर्धपारदर्शक दिसला तर त्या लेयरच्या मास्कमध्ये पांढरा रंग भरून बघा.

सहाण
12 तुकडे जास्त होतात. सरमिसळ 100 ठेवली तर 1000 चे 3 × 2, म्हणजे 6 तुकड्यांत भागतं. प्रत्येक जनरेशनला क्रेडिट जातं आणि एखादा तुकडा तीनचारदा करावाच लागतो.

चौकट
हिशेब बरोबर आहे. पण 100 पिक्सेलच्या पट्टीत सांधा लपवायला जागा कुठे? गेरू, तुमच्या फाइलमध्ये एक दगड किती पिक्सेलचा आहे?

गेरू
मोजले. बहुतेक 220 ते 260 रुंद, 120 च्या आसपास उंच. चुन्याची दरज 8 ते 12 पिक्सेल.

चौकट
मग 200 ला धरून राहा. जोड मऊ ब्रशने सरळ रेषेत पुसू नका. दोन वेगळे पोत अर्धे अर्धे मिसळले की मधला पट्टा दोन्हींपेक्षा मऊ दिसतो आणि नजर नेमकी तिथे जाते. मास्कची कड दरजेवरून, दगडांना वळसा घालत न्या. ब्रश 10 ते 15 पिक्सेलचा, जवळजवळ कडक. 100 च्या पट्टीत अशी सलग वाट मिळेलच असं नाही, कारण एकच दगड पट्टीभर पसरलेला असू शकतो. 200 मध्ये बहुधा सापडते.

सहाण
दरज नसलेल्या पृष्ठभागाला, गवताला किंवा गिलाव्याला, 100 पुरते असं मी अजूनही म्हणेन. दगडाच्या बाबतीत मान्य.

मोरपीस
माझ्याकडे पोर्ट्रेट आहे, मागचं आकाश दोन्ही बाजूंनी 3000 पिक्सेल वाढवायचं आहे. यालाही असेच तुकडे पाडू का? 12 ऐवजी 20 होतील.

चौकट
@मोरपीस, नका पाडू. निरभ्र आकाशात बारकावाच नसतो, त्यामुळे ताणलेला निकालही चालतो. तुकडे पाडले तर प्रत्येकाचा निळा किंचित वेगळा येईल आणि त्या रंगफरकाच्या पट्ट्या घालवणं कठीण. एकदम भरा आणि वर ग्रेन द्या. ढगांच्या तुटक कडा असतील तर तेवढ्याच वेगळ्या भरा.

टाकीचे घाव
गेरू यांचा रंगफरकाचा प्रश्न बाकी आहे. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याकडे बघून रंग ठरवतो, त्यामुळे पहिल्या ओळीत जरासा पिवळेपणा आला की शेवटच्या ओळीपर्यंत तो वाढलेला असतो. कर्व्हज लावून एकेक जुळवत बसू नका. रंग-छाया पायाची आणि पोत तुकड्यांचा, असं वेगळं काढून जोडा.

1. सगळे तुकडे मास्कसह चालू ठेवून Ctrl+Alt+Shift+E ने पूर्ण चित्राची एकत्र प्रत काढा. नाव `TileHigh`. त्याची प्रत `TileLow`, ती खाली.
2. तुकडे, `TileHigh` आणि `TileLow` बंद करून, `Base` चालू ठेवून तशीच दुसरी एकत्र प्रत, `BaseLow`.
3. `TileLow` आणि `BaseLow` दोन्हींना `Gaussian Blur`, 8 पिक्सेल.
4. `TileHigh` वर `Apply Image`. तुमची फाइल 16 बिट आहे, म्हणून:

```
Layer: TileLow   Channel: RGB   Invert: on
Blending: Add    Scale: 2       Offset: 0
```

(8 बिटला `Invert` बंद, `Subtract`, `Scale` 2, `Offset` 128.)

5. `TileLow` बंद. `BaseLow` च्या वर `TileHigh`, ब्लेंड मोड `Linear Light`. दोन्ही एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपला फक्त परांचीच्या जागेचा मास्क.

एकत्र प्रत पूर्ण चित्राचीच काढा. नुसता कापलेला भाग ब्लर केला तर त्याच्या कडेला पारदर्शकता मिसळते आणि चौकोनाभोवती कड उमटते.

8 हा आकडा का? पाया 2.7 पट ताणलेला आहे, म्हणजे त्यात 5-6 पिक्सेलपेक्षा बारीक असं खरं काही नाहीच. तिथून खालचं सगळं तुकड्यांतून यायला हवं. त्रिज्या 25-30 केली तर तुकड्यांचे रंगाचे डागही पोताबरोबर परत येतात. 3 केली तर पायाचा मऊपणा शिल्लक राहतो.

गेरू
डावीकडचे 8 तुकडे केले, राखाडी 40 टक्के. रंगफरक पूर्ण गेला. पण दोन तुकड्यांमध्ये दरजेशेजारी तिचीच फिकट सावली दिसते, जणू दोन दरजा आहेत.

टाकीचे घाव
त्या तुकड्यांत दगड पायापासून सरकले आहेत. जाडसर छाया पायाच्या जागेवर, बारीक कड तुकड्याच्या जागेवर, म्हणून दोन. सावली काही पिक्सेलच दूर असेल तर तो तुकडा `Warp` ने पायावर बसवा आणि एकत्र प्रती पुन्हा काढा. जास्त असेल तर तेवढा तुकडा 30 टक्क्यांवर पुन्हा जनरेट करा.

चौकट
दुसरा मार्ग: तेवढ्या दगडांपुरता `BaseLow` च्या जागी `TileLow` उघडा. सावली जाते, रंग थोडा वेगळा राहतो. दगडांचे रंग तसेही एकमेकांपासून वेगळे असतात, एखाददुसऱ्या दगडात खपून जातं. सलग चारपाच दगडांत मात्र डाग दिसेल.

टाकीचे घाव
मी वार्प किंवा पुन्हा जनरेट हेच सुचवेन. मोठ्या प्रिंटमध्ये लोक दोन पावलं मागे जाऊनही बघतात आणि तिथे रंगाचा डाग आधी दिसतो.

सहाण
ग्रेन राहिला. हिस्टोग्राम पॅनल विस्तारित करून मूळ भिंतीत एकसारख्या उजेडाचा 100 × 100 चा सपाट चौकोन निवडा, `Std Dev` वाचा. तसाच चौकोन भरलेल्या भागात. समजा मूळ 4.1 आणि भरलेला 2.3 आला, तर घालायचा ग्रेन:

```
√(4.1² − 2.3²) ≈ 3.4
```

नुसती वजाबाकी करून 1.8 घातला तर कमी पडतो. 50 टक्के राखाडी लेयर `Overlay` वर, त्यात `Add Noise`, `Gaussian`, मग 0.5 पिक्सेल ब्लर, कारण कॅमेऱ्याचा नॉइज एकेका पिक्सेलवर सुटा नसतो. ब्लरने आकडा उतरतो, म्हणून ब्लर देऊन झाल्यावरच पुन्हा वाचा. ग्रेन तुकड्या-तुकड्याला देऊ नका, सगळ्या भागाला एकदाच, अगदी शेवटी.

गेरू
आणखी एक. फाइल सेव्ह करताना 2 जीबीची अडचण आली.

चौकट
PSD ची ती मर्यादाच आहे, PSB मध्ये सेव्ह करा. जनरेटिव्ह लेयर न निवडलेले पर्यायही सोबत बाळगतात, म्हणून पसंत पडलेला तुकडा लगेच रास्टराइझ करत चला. उरलेले 4 तुकडे उजव्या कडेच्या मूळ दगडांकडून आत यायचं ठेवा. डावीकडून रेटत नेलंत तर शेवटचा तुकडा खऱ्या भिंतीला भिडतो तिथे थर जुळणार नाहीत.

गेरू
उजवीकडून सुरू करतो. एक शंका आहे: वरच्या ओळीत बांबूंची सावली मूळ दगडांवर पडली आहे. तिथे दगड खरे आहेत, फक्त काळवंडलेले. तोही भाग भरायचा का?

टाकीचे घाव
नाही. खरा पोत हातात असताना तो टाकू नका. तिथे उलटं करा: `TileHigh` मूळ फोटोतून काढा आणि फक्त `BaseLow` भरलेल्या चित्राचा घ्या. सावलीची कड 8 पिक्सेलपेक्षा बरीच मऊ असेल तर ती पूर्ण जाईल. कड कडक असेल तर एक बारीक रेघ उरेल, ती हीलिंग ब्रशने हाताने काढावी लागेल.