अनुभव धागा : वास्तुशांतीची रजा आणि सरकणारा मुहूर्त

रजेचा अर्ज कधी टाकावा, किती दिवसांचा, तारीख हलली तर काय करावं, ते इथे लिहा. पाककृती नकोत.

चौथामजला : पूजा एक दिवसाची, रजा मात्र तीन दिवसांची धरा. आदल्या दिवशी गुरुजींच्या यादीतलं सामान, मांडव, पाणी. मुख्य दिवशी पुण्याहवाचनापासून होमापर्यंत चार-पाच तास सहज जातात. तिसरा दिवस लोक विसरतात. वास्तुप्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची असेल तर तिथली फरशी उघडी ठेवलेली असते. ती बसवायला गवंडी दुसऱ्या दिवशी येतो आणि सिमेंट वाळेपर्यंत त्या कोपऱ्यात कपाट सरकवता येत नाही.

पंचांगवाली : चातुर्मासात मुहूर्तच नसतात, म्हणून रजा थेट दिवाळीनंतरची मागा.

चौथामजला : ताई, श्रावणातले वास्तुमुहूर्त पंचांगात छापलेले असतात. अधिक महिना मात्र टाळतात. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून आहे, म्हणजे शाळेच्या सुट्टीचा ऐन काळ. सुट्टीत करायचं तर 17 मेच्या आधीचं बघा. शिवाय गुरू-शुक्राचा अस्त गुरुजींना आधीच विचारा.

टेबलखालचा : सरकारी नोकरीत नैमित्तिक रजा वर्षाला आठच, आणि ती अर्जित रजेला जोडता येत नाही. तीन दिवस लागणार असतील तर सरळ अर्जित टाका. खासगीत शुक्रवार-सोमवार रजा घेतली की मधले शनिवार-रविवारही कापणाऱ्या कंपन्या आहेत. मुहूर्त गुरुवारचा असेल तर बुध-गुरु-शुक्र घ्या, तीनच जातात. अर्जात दोन तारखा लिहा : ‘मुख्य 12, पर्यायी 19, ताबा मिळाल्यावर कळवतो.’ साहेबाला नंतर धक्का बसत नाही.

नवीभाडेकरू : भाड्याच्या घरात राहायला जाताना रजा मिळते का?

टेबलखालचा : मिळते की, पण ती सामान हलवायची. धागा वास्तुशांतीचा आहे.

कोकणकडा : तारीख हलवणारी खरी गोष्ट सुतक. दहा दिवस गेले की मुहूर्तही गेला. नांदीश्राद्ध होऊन गेल्यावर आलेलं सुतक त्या कार्याला लागत नाही असं गुरुजी सांगतात, पण आमंत्रितांची मनं मानत नाहीत.

टोरांटोकर : आमच्याकडे शनिवारीच करतात, रजेचा प्रश्नच नाही. गुरुजी शनिवारचे मिळणं हाच खरा मुहूर्त. होमाच्या धुराने अलार्म वाजतो, तेवढं बघा.

चौथामजला : ताबा लांबला तर मुहूर्तावर कलश नेऊन दूध उतू घालायलाही किल्ली लागतेच. पण किल्ली हातात असून बाकीचं आवरलेलं नसेल, तर अर्ध्या दिवसात प्रवेश उरकून शांत नंतर घालता येते.

पंचांगवाली : आमचे गुरुजी शांतीआधी राहायला जाऊ देत नाहीत. दूध उतू घालून परत भाड्याच्या घरी यायचं?

कोकणकडा : आमचे देतात. तुमच्याच गुरुजींना विचारा, आणि रजा टाकण्याआधी.