विंचवाच्या व्हिडिओला पिवळा डॉलर: आरोग्य, पैसा, बातमी म्हटलं की जाहिरात कमी का?

गडनदीकाठचा: यूट्यूबवर माझा व्हिडिओ, विंचू चावल्यावर काय करावं एवढाच विषय. तरी त्याला पिवळ्या डॉलरची खूण, म्हणजे मर्यादित जाहिराती. नाचगाण्यांना मात्र हिरवा, म्हणजे पूर्ण जाहिराती. आरोग्य, पैसा, बातमी यांवर कोकणातल्या माणसानं बोलूच नये असं ठरलंय काय? आम्हाला गप्प करायचा डाव आहे हा.

दापोलीची ताई: भाऊ, तुमचा व्हिडिओ मी पूर्ण पाहिला. 'डाव' हा शब्द वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहिते. विषय विंचू आहे म्हणून पिवळं झालेलं नाही. शीर्षक आहे 'विंचू चावला की १० मिनिटांत मृत्यू!!'. थंबनेलवर सुजून काळानिळा पडलेला लहान मुलाचा पाय आणि त्याभोवती लाल गोल. आत चौथ्या मिनिटाला 'या पाल्याने विष शंभर टक्के उतरतं'. यूट्यूब नुसता विषय बघत नाही. शीर्षक, थंबनेल, वर्णन आणि आतला मजकूर असं सगळं मिळून ठरतं. तुमच्या थंबनेलवर धक्कादायक दृश्य आहे आणि आत सिद्ध न झालेल्या उपचाराची हमी आहे. पहिल्यानं जाहिराती कमी होतात, दुसऱ्यानं पार बंदही होऊ शकतात.

माझ्याकडून हेच झालं होतं, सर्पदंशाच्या व्हिडिओत. शिवाय अपलोड करताना जी प्रश्नावली येते, तिथे मी न वाचता 'यातलं काही नाही' वर टिचकी मारली. ती भरताना खरं सांगायचं असतं. तुमची उत्तरं आणि तपासणाऱ्या माणसाचं मत वारंवार जुळलं, तर पुढे तुमच्या उत्तरावर जास्त भरवसा ठेवला जातो. खोटं भरत गेलात तर यंत्रणा स्वतःचाच अंदाज धरून चालते.

मग मी जखमेचा फोटो काढून तिथे गडग्यावर बसलेल्या फुरशाचा लावला. शीर्षक केलं 'फुरसं चावलं तर पहिल्या तासात काय करावं'. घरगुती औषधाचा दावा कापून टाकला. हे सगळं आधी केलं आणि मगच माणसाकडून फेरतपासणी मागितली, कारण ती संधी एकदाच मिळते आणि तिथला निर्णय अंतिम असतो. सहाव्या दिवशी हिरवं झालं.

शेअरवाला, रत्नागिरी: ताई, तुम्ही भाबड्या आहात. बंदी घातलेल्या शब्दांची यादी असते. 'मृत्यू', 'कर्ज', 'शेअर' लिहिलं की गेलं. मी 'मृ*त्यू' असं लिहितो. पैशाच्या विषयाला तर जाहिरातच नाही.

दापोलीची ताई: शीर्षकातला शब्द बघितला जातो, एवढं तुमचं बरोबर. पण संदर्भही बघितला जातो, आणि चांदण्या टाकून तुम्ही स्वतःच सांगता की इथे काहीतरी लपवलंय. पैशाच्या विषयाला जाहिरात नाही हे तर उलटंच आहे. बँका, विमा, म्युच्युअल फंड हे चांगले पैसे मोजणारे जाहिरातदार. ते पळतात 'महिन्यात दुप्पट' या वाक्यामुळे. तुमच्या मागच्या व्हिडिओत 'उद्या हा शेअर घ्याच' आहे. सेबीकडे नोंदणी नसताना असा सल्ला द्यायचा नसतो. नोंदणी असेल तर क्रमांक दाखवा. नसेल तर शेअर म्हणजे काय, तोटा कसा होतो एवढंच शिकवा, आणि त्यासाठीही आजचे भाव लावू नका.

शेअरवाला, रत्नागिरी: नोंदणी नाही. ते वाक्य काढतो. पण यादी असतेच.

चिपळूणवासी: बातमीचं कोणीच बोलत नाही. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचा पूर घरात शिरला तेव्हा मी गच्चीवरून तीन तास चित्रीकरण केलं. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी, माणसं दोरीला धरून. ते लोकांनी बघितलं म्हणून मदत आली. मला मर्यादित जाहिराती. पंचनाम्याच्या रांगेत मी उभा आणि माझ्याच व्हिडिओला पैसे नाहीत! तो पण थंबनेलचा दोष?

दापोलीची ताई: नाही, तुमच्यात दोष नव्हता. माणसं दगावलेल्या आपत्तीतून कोणी कमाई करू नये म्हणून संवेदनशील घटनांचा नियम आहे, आणि त्यात खरं काम करणाराही अडकतो. दुसरं म्हणजे, हिरवा डॉलर मिळाला तरी जाहिरातदार आपल्या बाजूने दुर्घटना आणि संघर्ष हा गट वगळू शकतो. बिस्किटवाल्याला त्या दोरीच्या आधी आपली जाहिरात नको असते. म्हणून माझाही डॉलर हिरवा झाल्यावर कमाई थोडीच वाढली. पिवळ्यातही, पैसे भरून जाहिरातींशिवाय बघणाऱ्या प्रीमियम सदस्यांच्या बघण्याचा वाटा मिळतो, पण तो थोडा.

चिपळूणवासी: म्हणजे पूर दाखवणारा उपाशी, आणि वर्षानंतर पुरावर गाणं करणारा खातो. हे मला पटणार नाही.

दापोलीची ताई: मलाही पटत नाही. मृतदेह आणि रडणारे चेहरे टाळून पाण्याची पातळी, रस्ते, मदतकेंद्रं असं मांडलं तर शक्यता वाढते. खात्री मी देणार नाही.

नाना मालवणकर: ते सगळं ऱ्हवांदे. पाल्याला खोटं कसं म्हणतेस? आमच्या आजोबांनी आघाड्याच्या मुळीने शंभर जणांचे विंचू उतरवले. एकही मेला नाही. शहरी शिक्षण!

दापोलीची ताई: नाना, मी दाभोळची, शहरातली नव्हे. बहुतेक विंचू चावल्यावर नुसती आग होते आणि ती काही तासांनी आपोआप कमी होते. मुळी लावा, राख लावा, नाहीतर काहीच लावू नका. म्हणून शंभरातले बहुतेक जगले. मोठा काळा विंचू बघून आपण घाबरतो, पण जीव घेतो तो लहान लाल. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग धाप. लहान मुलात हे दिसलं की मुळी उगाळण्यात गेलेला तास परत येत नाही.

नाना मालवणकर: माझ्या आजोबांवर जातेस?

महाडचा: नाना, रागावू नका. आमच्या महाडात डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचवावर आयुष्य घातलं, प्राझोसिनची गोळी वापरून. २०२२ ला पद्मश्री मिळाली त्यांना. माझ्या आतेभावाला लहानपणी भाताच्या उडवीत चावला. आधी दोन तास मांत्रिक, मग दवाखाना. वाचला, पण ते दोन तास आत्या अजून विसरली नाही.

नाना मालवणकर: मग ती गोळी घरात ठेवू?

दापोलीची ताई: नको, नाना. तिने रक्तदाब उतरतो, उठून उभं राहिलं तर माणूस कोसळतो. डॉक्टरच आडवं ठेवून, नाडी बघत देतात. तुम्ही एकच करा, पोराला उचला आणि गाडीत घाला.

नाना मालवणकर: आणि आमच्या केंद्रात रात्री डॉक्टर नसला तर? ते सांग आधी.

महाडचा: याला उत्तर नाही नाना. आमच्याकडेही तेच.

गडनदीकाठचा: माझा विषय राहिला बाजूला. ताई, पाल्याचं वाक्य कापतो, शीर्षकही बदलतो. पण तो पाय माझ्या पुतण्याचा आहे. लोकांना कळावं म्हणूनच लावला होता, पैशासाठी नाही.

दापोलीची ताई: मग तर आधी काढा, भाऊ. पुतण्या मोठा होईल. त्याची गोष्ट आवाजात सांगा. किती वाजता चावला, घाम कधी सुटला, कुठे नेलं. थंबनेलवर लाल विंचवाचा स्वच्छ फोटो ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला ओळखता तरी येईल.

गडनदीकाठचा: रात्री साडेनऊ, चिऱ्याच्या फटीतून. घाम पंधरा मिनिटांत. उद्या सकाळी नव्याने रेकॉर्ड करतो. डाव नसेलही, पण पूरवाल्या चिपळूणकराला उत्तर तुम्ही दिलं नाहीत.