बसचा मार्ग बदला म्हणून बाईंना पत्र: ती ११ मिनिटं नक्की कोणाची?

मानसी_नऱ्हे
मुख्याध्यापिकांना द्यायचं पत्र टाकतेय. सोमवारी सह्या घ्यायच्यात, काही सुचवायचं असेल तर सांगा.

‘आदरणीय बाई, सकाळची ४ नंबरची बस पाण्याच्या टाकीपासून (९ मुले) निघून मंदिर (६), टेकडीखालची सोसायटी (४), कमान (१२) आणि पेट्रोल पंप (८) असे थांबे घेत ११.४ किमी धावते. केवळ सोसायटीसाठी ती मुख्य रस्ता सोडून १.३ किमी आत जाते आणि तेवढीच परत येते. त्या ४ मुलांनी फाट्यावर यावे. अंतर ८.८ किमी होईल आणि ११ मिनिटे वाचतील. ३९ मुलांचा हिशोब धरल्यास एका फेरीत ४२९ मिनिटांची बचत होईल.’

टेकडीखालचा
वा! ती चार मुलं म्हणजे आमचीच. त्यातली दोघं पहिलीत आहेत. पत्र लिहिताना १.३ किमी कधी चालून पाहिलंत का ताई? फूटपाथ नाही, सकाळी डंपर सुरू असतात, पावसाळ्यात चेंबरवरून पाणी वाहतं. पहिलीतलं पोर दप्तर पाठीवर घेऊन वीस मिनिटांच्या आत फाट्यावर पोचत नाही. म्हणजे तुमची ११ वाचवायला आमची २० घालवायची. भाडं अंतरावर घेतात, आम्ही टाकीवाल्यांइतकंच भरतो. मग ‘केवळ सोसायटीसाठी’ हा शब्द कशाला? गेल्या वर्षी बस आत आणा म्हणून आम्हीच सहा महिने भांडलो, तेव्हा तुम्ही कुणी सहीला नव्हता.

मानसी_नऱ्हे
चार मुलांसाठी पस्तीस जणांनी लवकर उठायचं हे तरी न्याय्य आहे का? माझी मुलगी ६.२० ला थांब्यावर असते. हिवाळ्यात तेव्हा अंधारच असतो. आणि तिला बस लागते, त्या आतल्या वळणावर रोज पिशवी हातात धरून बसते.

सुनील_के
पीएमपीच्या बसचे मार्ग शाळा कशी बदलणार? डेपोत अर्ज द्या ना.

मानसी_नऱ्हे
शाळेची बस आहे हो. वाचा तरी.

निवृत्त_कंट्रोलर
एसटीत वेळापत्रकं करण्यात नोकरी गेली, म्हणून राहवत नाही. ११ मिनिटांवर माझा आक्षेप नाही. २.६ किमीचा अरुंद रस्ता, वर एक थांबा आणि वळवणं, एवढा वेळ सहज जातो. आक्षेप ३९ वर आहे.

कमानीची १२ आणि पंपाची ८ मुलं बस सोसायटीतून बाहेर आल्यावर चढतात. त्यांचा बसमधला वेळ आजही तेवढाच आणि उद्याही तेवढाच. बस आत नाही गेली तर त्यांच्या थांब्यावर ती लवकर येईल. म्हणजे बस टाकीवरून ११ मिनिटं उशिरा सोडली तरच घंटेची वेळ साधेल. सोडायची वेळ बदलली नाही, तर ३९ पोरं बंद फाटकासमोर उभी. बदलली, तर फायदा सोसायटीच्या आधी चढणाऱ्यांचा, म्हणजे ९ आणि ६ मिळून १५ जणांचा. १५ गुणिले ११, १६५ मिनिटं. ४२९ नव्हे.

आता सोसायटीची चार. फाट्यापर्यंत बसमध्ये आज साधारण ५ मिनिटं जातात, चालत २०. प्रत्येकी १५ चं नुकसान, चौघांचं ६०. निव्वळ उरले १०५. अजूनही फायदाच आहे, पण बाईंच्या हातात ४२९ चा कागद दिलात आणि त्यांनी हा प्रश्न विचारला तर बाकीचं पत्रही खोटं वाटेल.

टेकडीखालचा
झालं! साहेबांनीच सांगितलं.

निवृत्त_कंट्रोलर
मी तुमच्या बाजूनंही बोललेलो नाही. १०५ म्हणजे १०५.

मानसी_नऱ्हे
ठीक आहे, ३९ काढून १५ करते. मला दिसलं नव्हतं असं समजा. पण ११ मिनिटं मी नीट मोजलीत, मोबाईलच्या नकाशावर.

निवृत्त_कंट्रोलर
कधी? कोणत्या गाडीनं?

मानसी_नऱ्हे
रविवारी, आमच्या गाडीनं, यांच्यासोबत.

निवृत्त_कंट्रोलर
तिथंच गाडं अडलं. नकाशा मोटारीची वेळ देतो. स्कूल बसला वेगनियंत्रक असतो, आणि ती थांब्यावर किती वेळ उभी राहते हे नकाशाला कसं कळणार? बसमधल्या ताईंकडे कागद द्या. प्रत्येक थांब्यावर चाक थांबल्याची आणि दार लावल्याची वेळ टिपायची, एक शाळेचा आठवडा. त्यातला चांगला दिवस निवडू नका, पाच आकडे लावून मधला धरा. मला वाटतं वाचणारा वेळ तुमच्या ११ पेक्षा जास्तच निघेल, कारण आत मोठी बस वळवायला चालकाला दोनदा मागं-पुढं करावं लागतं. पोरं भरलेली बस रिव्हर्स घेणं हाच त्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट क्षण, पत्रात तो नाहीच.

पंपावरची_आई
आमचा फायदा शून्य असेल तर मी सही का करू? गंमत म्हणजे भाडं आम्हीही भरतो, तेही मे महिन्याचं. सुट्टीत बस बंद, पैसे चालू!

अजिंक्य_व
याच विषयावर वेगळा धागा हवा. ठेकेदार म्हणतो ‘वर्षाचं भाडं बारा हप्त्यांत’. मग जून उजाडायच्या आत नवा दर कसा लागतो?

पंपावरची_आई
आमच्याकडे तर दिवाळीच्या सुट्टीतही कापलं. विचारलं तर म्हणे चालकाचा पगार थांबत नाही.

टेकडीखालचा
चालकाचा पगार थांबू नये, हे मान्य. पण पावती तर द्या!

अजिंक्य_व
२०११ च्या स्कूल बस नियमांत शालेय परिवहन समिती आहे, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, पालक संघाचा प्रतिनिधी सदस्य. थांबे आणि भाडं दोन्ही तिच्यापुढचा विषय. आमच्या समितीची बैठक कधी झाली, कोणाला ठाऊक आहे का?

मानसी_नऱ्हे
मी मार्गाबद्दल विचारलं होतं. भाड्याचं मोर्चासारखं काय चाललंय?

निवृत्त_कंट्रोलर
भाडं बाजूला ठेवा, पण समितीचा मुद्दा कामाचा आहे. पत्र बाईंना अध्यक्ष म्हणून द्या आणि बैठकीत ठेवायची विनंती करा.

आणखी एक, जे कुणीच विचारलं नाही. फाट्यावर दुभाजक आहे. बसचं दार डावीकडे. सकाळी बस सोसायटीच्या बाजूला थांबेल, पण दुपारी परतताना दुभाजकापलीकडे उतरवेल. पहिलीतली दोघं रस्ता कोणाबरोबर ओलांडणार? बसमधल्या ताई उतरल्या तर आतली मुलं एकटी. पुढच्या कटवरून यू-टर्न घ्यायचा म्हटलं तर वाचवलेल्यातली दोन-तीन मिनिटं तिथं गेली.

टेकडीखालचा
हेच मी सांगत होतो!

अजिंक्य_व
तुम्ही डंपर सांगत होतात.

निवृत्त_कंट्रोलर
फाट्यापासून साधारण ५०० मीटर आत दूध डेअरीसमोर मोकळी जागा आहे ना? तिथं बस पूर्ण वळत असेल, तर जाऊन-येऊन १.६ किमी वाचेल आणि रिव्हर्सही टळेल. मुलांना ८०० मीटर चालावं लागेल, पण रस्ता ओलांडायला नको. मोठी बस घेऊन एकदा वळवून बघा, तिथं हातगाड्या लागतात का तेही सकाळीच कळेल.

टेकडीखालचा
८०० मीटरसुद्धा पावसात आहेच. पण... वळवून बघायला हरकत नाही. बायको नाही म्हणणार हे आत्ताच लिहून ठेवतो.

मानसी_नऱ्हे
म्हणजे माझ्या पोरीला वळण राहिलंच, फक्त अर्धं. धन्यवाद! बसच्या ताईंकडून सोमवारपासून वेळा लिहून घेते, सह्या पुढच्या आठवड्यात. आणि हो, पंपावरच्या आई, शून्य फायदा असला तरी सही करा. समितीची बैठक लागली तर तुमचं मे महिन्याचं तिथंच निघेल.

पंपावरची_आई
आधी दिवाळीचं काढा, मग बोलू.