फ्लॅग लावला पण रिमाइंडर वाजलाच नाही: तुमचे अनुभव सांगा

रानजाई: मी सीएच्या ऑफिसात आहे. एका क्लायंटच्या नोटिशीला १५ तारखेपर्यंत उत्तर द्यायचं होतं, म्हणून आऊटलुकमध्ये त्या मेलला फ्लॅग लावून १३ तारीख, सकाळी ११ चा रिमाइंडर टाकला आणि मेल जुन्या फाइल्सच्या फोल्डरमध्ये ओढून ठेवला. १३ ला काहीच वाजलं नाही, १४ ला संध्याकाळी क्लायंटचाच फोन आला. रात्री साडेनऊपर्यंत बसून उत्तर पाठवलं. असं का झालं असेल? तुमचेही अनुभव लिहा.

चहावाला कोपरा: पीसी बंद असेल ताई. हा रिमाइंडर तुमच्याच मशीनवर वाजतो, आऊटलुक उघडं नसेल तर वाजणार कोण? माझं नेहमी असंच होतं.

रानजाई: नाही हो, सकाळी साडेनऊपासून चालूच होतं.

जुना अ‍ॅडमिन: बंद असतं तरी पुढच्या वेळी उघडल्यावर थकलेला रिमाइंडर समोर आला असता, त्यामुळे कारण ते नाही. तो फोल्डर वेगळ्या .pst फाइलमध्ये आहे का बघा. क्लासिक आऊटलुक रिमाइंडर शोधतं ते मुख्य मेलबॉक्समध्ये, वेगळ्या pst मधला मेल त्याच्या यादीतच येत नाही, फ्लॅग मात्र लाल दिसत राहतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. खात्री करायची तर दोन मेलना पाच मिनिटांनंतरचा रिमाइंडर लावा, एक इनबॉक्समध्ये ठेवा, एक तिकडे टाका.

रानजाई: केलं आत्ता. इनबॉक्समधला वाजला, तिकडचा नाही! pst च आहे. आता उत्तर जाईपर्यंत मेल इनबॉक्समधून हलवणार नाही.

पिंपळपान: माझं वेगळंच होतं, मी वर्षभर नुसता फ्लॅग लावायचे, Tomorrow वर क्लिक केलं की उद्या वाजेल असं वाटायचं. तो फक्त मुदत लिहून ठेवतो, वाजायला राइट क्लिक करून Add Reminder वेगळं द्यावं लागतं. रिमाइंडर असला की मेलपुढे घंटीचं चित्र येतं, मी आता तेवढंच बघते.

कोकणकडा: मी जीमेलचं स्नूझ वापरतो, लॅपटॉप बंद असला तरी मेल ठरल्या वेळी परत वर येतो. पण फोनवर नोटिफिकेशन येत नाही म्हणजे स्नूझच होत नसणार ना?

जुना अ‍ॅडमिन: होतं, मेल सर्व्हरवरच परत येतो, फोन गप्प राहतो एवढंच. अ‍ॅपची बॅटरी सेटिंग बघा, बॅटरी वाचवायला फोन अ‍ॅप झोपवतो.

मुळाकाठ: माझा मेल इनबॉक्समध्ये, घंटी आहे, Show reminders चालू आहे, तरी नाही वाजत.

जुना अ‍ॅडमिन: आऊटलुक पूर्ण बंद करा, Win+R दाबून हे टाका, यादी नव्याने बनते:

```
outlook.exe /cleanreminders
```

मुळाकाठ: केलं, कॅलेंडरचे वाजायला लागले, मेलचे अजून नाही. खातं आयमॅपचं आहे, त्यामुळे असेल का?