मदत हवी आहे: मुलगी सोळा पूर्ण, पाळी आली नाही, सोनोग्राफीत गर्भाशय दिसत नाही

मीनल_ठाणे: मुलीची उंची 164 सेंमी, छातीची वाढ बाराव्या वर्षीच सुरू झाली. पोटात कधीच दुखत नाही. पाळी येण्यासाठी दहा दिवस गोळ्या दिल्या, काही आलं नाही. आता रिपोर्टमध्ये गर्भाशय दिसत नाही म्हणतात. पुढे काय करावं?

वर्षाताई: पीसीओडी असेल हो, हल्ली सगळ्याच मुलींना असतं. गोळ्यांचा अजून एक कोर्स करून बघा.

डॉ_स्त्रीरोग: वर्षाताई, पीसीओडीत पाळी लांबते हे बरोबर, क्वचित पहिली पाळीही येत नाही. पण तिथे गर्भाशय असतं. ते नसेल तर गोळ्यांनी रक्त येणार कुठून? आणखी कोर्स नको.

मीनलताई, छाती वाढली म्हणजे शरीरात इस्ट्रोजेन आहे. अशा वेळी मुख्यतः दोन शक्यता उरतात. एकीत अंडाशय नीट असतात, गर्भाशय आणि योनीचा वरचा भागच घडलेला नसतो. दुसरीत गुणसूत्रं एक्सवाय असतात, शरीर टेस्टोस्टेरॉनला दाद देत नाही, म्हणून बाहेरून वाढ मुलीसारखीच होते. रक्तात टेस्टोस्टेरॉन आणि कॅरियोटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करा, ओटीपोटाचा एमआरआयही. पेशी वाढवाव्या लागतात, त्यामुळे कॅरियोटाइपला दोन-तीन आठवडे धरा. काखेत-जांघेत केस कसे आहेत? लहानपणी जांघेत गाठ किंवा हर्निया होता का?

संजय_प: माझी पुतणी पंधरा वर्षांची, उंची 138, छातीची वाढ अजिबात नाही. तिचाही रिपोर्ट असाच आहे. हाच प्रकार का?

डॉ_स्त्रीरोग: नाही. इस्ट्रोजेनच नसेल तर गर्भाशय इतकं बारीक राहतं की सोनोग्राफीत सुटतं. औषध सुरू झाल्यावर ते वाढूही शकतं. तिचं एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं संप्रेरक, आणि कॅरियोटाइप लगेच करा. एफएसएच खूप वाढलेलं असेल तर दोष अंडाशयात, आणि या उंचीला टर्नर, म्हणजे एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं, आधी तपासायचा. छातीची वाढ तेरापर्यंत सुरू झाली नसेल तर सोळाची वाट बघायची नसते. वेगळा धागा काढा.

मीनल_ठाणे: केस जवळजवळ नाहीत. तीन वर्षांची असताना उजव्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं.

डॉ_स्त्रीरोग: मग पारडं दुसऱ्या शक्यतेकडे झुकतं, पण निदान रिपोर्टवरच. टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या पातळीचं आलं तर एमआरआयमध्ये वृषणं कुठे आहेत ते शोधायचं. ऑपरेशनचे जुने कागद असतील तर सोबत न्या. टेस्टोस्टेरॉन मुलींच्या पातळीचं आणि कॅरियोटाइप एक्सएक्स आला तर मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्या, कारण पहिल्या प्रकारात एखादं मूत्रपिंड नसणं बऱ्याचदा आढळतं.

वर्षाताई: वृषणं असतील तर कॅन्सरच्या भीतीने लगेच काढतात ना?

डॉ_स्त्रीरोग: पूर्वी घाई व्हायची. या प्रकारात वयात येईपर्यंत धोका कमी असतो, आणि तिचं इस्ट्रोजेन तिथल्याच टेस्टोस्टेरॉनपासून बनतं. काढली तर गोळ्या किंवा पॅच अनेक वर्षं लागतात. मोठेपणी काढायची की नुसतं लक्ष ठेवायचं, यावर डॉक्टरांतही एकमत नाही. तिच्याशी बोलल्याशिवाय तारीख घेऊ नका.

मीनल_ठाणे: रक्त उद्या देतोय. तिला आज काय सांगू?

डॉ_स्त्रीरोग: गर्भाशय दिसलं नाही, म्हणून तपासण्या चालल्यात, एवढं खरं ते सांगा. गुणसूत्रांचं मात्र रिपोर्ट आल्यावर, समुपदेशकासमोर सांगा.